छातीवरचे गेले, डोक्यावरचे राहिले

लिव्हर सिऱ्हॉसिसपर्यंत पोहोचलेल्या पुरुषाला तपासताना डॉक्टर पोटातलं पाणी, डोळ्यांतली कावीळ आणि तळहातांची लाली तर पाहतातच, पण छातीवर आणि काखेतही एक नजर टाकतात. तिथले केस विरळ झालेले असतात, कधी जवळजवळ गेलेलेच असतात. छाती थोडी फुगलेली दिसते, दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चालते. डोक्यावरचे केस मात्र बऱ्याचदा जागच्या जागी असतात. दारूनं हार्मोन बिघडतात आणि त्यामुळं टक्कल पडतं असं सर्रास सांगितलं जातं. ही छाती आणि हे डोकं त्या म्हणण्याच्या अगदी उलट बोलतात.

कारण सरळ आहे. छातीचे, काखेतले आणि दाढीचे केस पुरुषी हार्मोनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर जगतात. कपाळावरच्या आणि टाळूवरच्या केसांचं नेमकं उलटं असतं. ज्याच्या घराण्यात टक्कल आहे, त्याच्या डोक्यातली ही मुळं टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या रसायनाला संवेदनशील असतात. त्याच्या प्रभावाखाली ती आकसत जातात, आणि दर वेळी उगवणारा केस आधीच्यापेक्षा बारीक असतो. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकानं 1942 साली हे दाखवून दिलं. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले होते, त्या पुरुषांना टक्कल पडलंच नव्हतं. त्यांच्यापैकी आनुवंशिक कल असलेल्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ते पडू लागलं.

आता दारू काय करते ते पाहू. ती वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींवर थेट आघात करते आणि मेंदूकडून त्यांना जाणारा इशाराही मंदावते. लिव्हर खराब होत गेलं की रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन वाढतं, आणि उरलेल्यातला जास्त भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलू लागतो. म्हणजे पुरुषी हार्मोन घटतं. हॅमिल्टनचा हिशेब लावला तर यातून टक्कल वाढायला नको. सिऱ्हॉसिसच्या रुग्णाचं डोकं भरलेलं दिसतं ते यामुळं. अर्थात, केस टिकवण्याचा हा मार्ग कुणी सुचवू नये. सिऱ्हॉसिस नसलेल्या दारुड्याचं टेस्टोस्टेरॉन उतरतं खरं, पण टक्कल थांबावं इतकं नाही. त्यामुळं त्याचं कपाळ वडिलांच्या वळणावर जायचं ते जातंच. पिणाऱ्यांच्या आणि न पिणाऱ्यांच्या टकलाची तुलना करणारे अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत. त्यात सिगारेट, जागरण आणि वय यांची सरमिसळ असते.

मग दारू सुटण्याआधी न्हाणीघराच्या जाळीत जो केसांचा गुंता साठत होता, तो कुठला? तो बहुतेक वेळा पोषणाच्या वाटेनं आलेला असतो.

नमुन्यादाखल एक माणूस कल्पू. वय 44, कारखान्यात शिफ्ट, गेली सहा-सात वर्षं रोज दोन क्वार्टर व्हिस्की. एक क्वार्टर म्हणजे 180 मिलिलीटर, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनानं साधारण 60 ग्रॅम. ग्रॅमला सात कॅलरी धरल्या तर दोन क्वार्टरमधून साडेआठशेच्या आसपास कॅलरी पोटात जातात. त्यांच्यासोबत प्रथिन नाही, जीवनसत्त्व नाही, जस्त नाही. पोट मात्र भरल्यासारखं वाटतं. रात्री चखण्याला शेंगदाणे आणि फरसाण, सकाळी मळमळ म्हणून नुसता चहा, दुपारी डब्यातलं अर्धं. त्यात आतड्याचं अस्तर चिडलेलं असल्यानं जे खाल्लं तेही नीट शोषलं जात नाही.

केसाला याचा फटका लवकर बसतो, कारण केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगानं वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत आणि त्या आणीबाणीत शरीर सर्वांत आधी बंद करतं. फोलेट हे पेशी दुभंगण्यासाठी लागतं. ते आतड्यातून कमी शोषलं जातं आणि लघवीतूनही वाहून जातं. जस्ताचंही तसंच, दारू पिणाऱ्याच्या लघवीतून ते जास्त जातं. आपल्याकडे त्यात एक भर पडते. पोळी-भाकरीतलं फायटेट आधीच जस्ताला बांधून ठेवतं, त्यामुळं मांस-मासे न खाणाऱ्याला मुळात ते कमीच मिळत असतं. कमतरता फार वाढली तर तोंडाभोवती, बोटांवर आणि जांघेत खवलेदार लाल चट्टे येतात आणि केस झपाट्यानं जातात. असे चट्टे दिसले तर केसांच्या तेलाची चर्चा थांबवून दवाखाना गाठावा.

आपल्या माणसाच्या रक्तात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 104 निघाला. 100च्या वर म्हणजे पेशी फुगलेल्या. दारूचा थेट परिणाम किंवा फोलेटची कमतरता, दोन्हींत असं होतं. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, चांगला उंच होता. इथं बरेच जण फसतात. दारूनं लिव्हरला सूज असली की फेरिटिन आपोआप चढतं, लोह असो वा नसो. त्यामुळं एकटं फेरिटिन पाहून लोह भरपूर आहे असं म्हणता येत नाही, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहावं लागतं. उलट बाजूही तितकीच खरी. दारू आतड्यातून लोहाचं शोषण वाढवते, म्हणून केस गळतात तर लोहाच्या गोळ्या घ्या हा सल्ला तपासणीशिवाय देऊ नये. मात्र पोटात व्रण होऊन रक्त जात असेल, किंवा मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होणारी बाई पीत असेल, तर लोह खरोखर खाली असू शकतं. जस्ताच्या तपासणीतही खोच आहे. ते रक्तात अल्ब्युमिनच्या आधारानं फिरतं, त्यामुळं लिव्हर थकून अल्ब्युमिन घटलं की जस्ताचा आकडाही खोटा खाली दिसतो.

कुठले केस कुठल्या कारणानं गेले हे ओळखायला डोकं नीट पाहणं पुरतं. वारशाचं टक्कल कपाळाच्या कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सुरू होतं, मागचे आणि बाजूचे केस दाट राहतात. बाईच्या डोक्यावर भांग रुंद होत जातो. पोषणाचं किंवा आजाराचं गळणं सगळ्या डोक्यावर सारखं असतं, मागेही. त्वचारोगतज्ज्ञ चिमटीत पन्नास-साठ केस धरून हलकेच ओढतात. पाच-सहाच्या वर हातात आले तर गळती चालू आहे. आलेल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ दिसली की लोक घाबरतात, मुळासकट आला म्हणून. मूळ त्वचेतच असतं. ती गाठ म्हणजे केस विश्रांतीच्या अवस्थेत होता याची खूण, आणि तिथून पुन्हा उगवणार याचीही.

आपल्या माणसाचे दोन्ही प्रश्न एकाच डोक्यावर होते. कपाळाचे कोपरे तिशीपासून मागे गेले होते, वडिलांचेही तसेच. गेल्या वर्षभरात मागची बाजूही हाताला विरळ लागू लागली होती. दारू सोडल्यावर यातलं काय परत येणार हे त्याला सांगायचं, तर ही दोन डोकी वेगळी करून सांगावं लागतं.

त्यानं जानेवारीत दारू सोडली, तीही घरच्या घरी, एका दिवसात. रोज इतकी पिणाऱ्यानं असं करू नये. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत कापरं, ताप, भ्रम आणि अंगाची तडफड अशी अवस्था येते, ती जिवावर बेतते. त्याला तिसऱ्या दिवशी रुग्णालयात न्यावं लागलं. तिथं आधी थायमिन टोचलं गेलं. ते केसांसाठी नव्हतं, मेंदूसाठी होतं. जस्त आणि फोलेट नंतर.

एप्रिलमध्ये केस पूर्वीपेक्षा जास्त गळू लागले. दारू सोडली आणि केस गेले, असं तो मित्राला म्हणाला, आणि मित्रानं यावर एक उपाय सुचवला तो सांगायला नकोच. खरी गोष्ट अशी की केस धक्क्याच्या दिवशी गळत नाहीत. ताप, शस्त्रक्रिया, मोठा आजार आला की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. जानेवारीच्या रुग्णालयाचं बिल एप्रिलमध्ये आलं. एक अपवाद लक्षात ठेवावा. व्यसनमुक्तीच्या उपचारात मूड स्थिर ठेवायला काहींना सोडियम व्हॅल्प्रोएट देतात, आणि केस गळणं हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. ते चालू असेल तर डॉक्टरांना विचारावं, स्वतःहून बंद करू नये.

पुढचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. जेवण परत सुरू झालं की फोलेट काही आठवड्यांत सावरतं. एमसीव्हीला तीन-चार महिने लागतात, कारण लाल पेशी साधारण 120 दिवस जगते आणि जुन्या फुगलेल्या पेशी संपाव्या लागतात. आपल्या माणसाची गळती जुलैपर्यंत कमी झाली. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळं ऑक्टोबरच्या सुमारास कपाळाच्या कडेला आणि मागे आखूड, ताठ केस दिसू लागले. डोकं पूर्ववत दाट वाटायला वर्ष-दीड वर्ष लागतं. लांब केसांच्या बाईला त्याहून जास्त, कारण नवा केस खांद्यापर्यंत यायलाच तेवढा काळ जातो.

टेस्टोस्टेरॉन लिव्हर बरं असल्यास काही आठवड्यांत वर येऊ लागतं. सिऱ्हॉसिस झालेला असेल किंवा वृषण आक्रसले असतील तर ते पूर्ण सावरेलच असं नाही. फुगलेली छाती नवी असेल तर ओसरते, वर्षाहून जुनी असेल तर आत तंतू तयार झालेले असतात आणि ती बहुधा तशीच राहते.

कपाळाचे कोपरे मात्र दारू सोडल्यानं परत येत नाहीत. ते दारूनं गेलेच नव्हते. त्यासाठी मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड अशी वेगळी औषधं आहेत. फिनास्टेराइड लिव्हरमध्ये विघटित होतं, म्हणून लिव्हरच्या तपासण्या पाहूनच ते द्यायचं की नाही हे ठरतं. दुकानातल्या केसांच्या गोळ्यांबाबत दोन गोष्टी सांगायला हव्यात. जस्त महिनोन्महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं आणि त्यातून रक्ताल्पता आणि पायांना मुंग्या येतात. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर केस उलट गळतात, आणि दारूनं थकलेल्या लिव्हरला ते विशेष जड जातं. बायोटिन चालू असेल तर थायरॉइडची तपासणी चुकीची येऊ शकते, म्हणून रक्त देण्यापूर्वी लॅबला तसं सांगावं.

सहा महिने दारू बंद, जेवण नीट, तरीही सगळ्या डोक्यावर सारखी गळती चालूच असेल, तर कारण दुसरंच शोधावं लागतं. टीएसएच आणि बी-12 पाहून घ्यायचं, आणि डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत ठिपके तर नाहीत ना, हेही पाहायचं.