वेळेला वगळून वेग

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ६,३७० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येइतक्याच उंचीवरून एक दगड अलगद सोडला आहे असं समजू. हवेचा अडथळा धरायचा नाही. जमिनीवर आदळताना त्याचा वेग किती असेल?

शाळेतलं v² = 2gs हे सूत्र चटकन आठवतं. त्यात g म्हणून ९.८ आणि s म्हणून ६३,७०,००० मीटर घातले, की सेकंदाला ११.२ किलोमीटर असं उत्तर येतं. ते चूक आहे, कारण वाटभर त्वरण सारखंच राहतं असं हे सूत्र गृहीत धरतं. प्रत्यक्षात पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की गुरुत्व त्वरण चौथा हिस्साच उरतं. दगड सोडला तिथे ते २.४५ मीटर प्रतिसेकंद वर्ग आहे आणि खाली येता येता ९.८ पर्यंत वाढतं.

मग त्वरणाचं वेळेनुसार इंटिग्रेशन करून वेग काढावा, असं वाटतं. पण त्वरण कळायला दगड त्या क्षणी कुठे आहे ते कळायला हवं, आणि तो कुठे आहे हे कळायला त्याचा वेग कळायला हवा. जे शोधायचं तेच आधी माहीत असावं लागतं. या पेचात सापडलेले विद्यार्थी अनेकदा त्वरणाला सरळ वेळेने गुणून मोकळे होतात. एककं बरोबर जुळत असल्याने ही चूक नजरेतही येत नाही.

सुटका होते ती प्रश्न बदलल्याने. दर सेकंदाला वेग किती वाढतो, हे विचारण्याऐवजी दर मीटरला किती वाढतो, हे विचारायचं. समजा, एखाद्या क्षणी वेग सेकंदाला २ मीटर आहे आणि तो दर मीटरमागे ३ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो आहे. सेकंदाला २ मीटर कापले जाताहेत, म्हणून सेकंदाला वेगवाढ ६ होईल. हेच त्या क्षणीचं त्वरण. ‘मीटरमागची वाढ’ गुणिले ‘सेकंदाला कापलेले मीटर’, एवढाच कलनशास्त्रातला साखळी नियम इथे लागतो:

a = v · dv/dx

यात t कुठेच नाही. शिवाय उजवी बाजू म्हणजे v²/2 ही राशी दर मीटरला किती वाढते त्याचं माप आहे. त्यामुळे त्वरण आणि अंतर यांचा आलेख काढला, तर आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे v²/2 मधली एकूण वाढ. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त, पहिल्या भागाच्या ३९ व्या प्रमेयात, सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग असाच क्षेत्रफळावरून काढला आहे.

आता दगडाकडे येऊ. पृथ्वीची त्रिज्या R आणि केंद्रापासूनचं अंतर r धरलं, तर त्वरणाचं मान gR²/r² असतं. r = 2R पासून r = R पर्यंत त्याचं क्षेत्रफळ काढलं:

v²/2 = gR² (1/R − 1/2R) = gR/2

म्हणून v² = gR, आणि वेग सेकंदाला सुमारे ७.९ किलोमीटर. याचा अर्थ अंतराच्या हिशेबाने सरासरी त्वरण ४.९ पडलं. २.४५ आणि ९.८ यांची साधी सरासरी ६.१ येते, पण ती इथे चालत नाही. त्वरण सरळ रेषेत वाढत नाही, वाटेचा बराच भाग ते कमीच असतं आणि जमिनीजवळ झपाट्याने चढतं.

याच समीकरणात दगड अतिदूर अंतरावरून आला असं धरलं, तर 1/2R च्या जागी शून्य येतं आणि वेग होतो ११.२ किलोमीटर प्रतिसेकंद. दहावीच्या पुस्तकातला मुक्तिवेग तो हाच. आपल्या पहिल्या चुकीच्या हिशेबाने फक्त R उंचीवरच्या दगडाला अनंत अंतरावरून आल्याइतका वेग देऊन टाकला होता.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. हाती v² येतो, त्यामुळे दगड वर जातो आहे की खाली येतो आहे हे समीकरण सांगत नाही. चिन्ह परिस्थिती पाहून आपणच ठरवायचं. त्वरण जागेबरोबर वेळेवरही अवलंबून असेल, तर क्षेत्रफळाची युक्ती लागू पडत नाही. हवेचा रोध आला की त्वरणात वेगही शिरतो आणि आलेख आधी काढून ठेवता येत नाही.

वेळ मात्र कायमची हरवत नाही. प्रत्येक ठिकाणचा वेग कळल्यावर दर मीटरला लागणारा वेळ 1/v इतका असतो, त्याची वाटभर बेरीज करायची. आपल्या दगडाला जमिनीवर यायला सुमारे साडेचौतीस मिनिटं लागतात. g सर्वत्र ९.८ धरला असता तर १९ मिनिटंच आली असती. वेळेची ही बेरीज वेगाच्या हिशेबापेक्षा बरीच किचकट आहे, म्हणून प्रश्न फक्त वेगाचा असेल तर तिच्या वाटेला न जाणंच शहाणपणाचं.