लेबलवरचं फ्रेंच

‘ओत कुत्यूर’ हे बिरुद फ्रान्समध्ये १९४५पासून कायद्याने राखीव आहे; दरवर्षी ठरणाऱ्या यादीतल्या फॅशनगृहांनाच ते वापरता येतं. असा कपडा एकाच गिऱ्हाइकाच्या मापाने, पॅरिसमधल्या कार्यशाळेत, बहुतांशी हाताने शिवतात आणि पूर्ण होण्याआधी अंगावर घालून पुन्हा बेततात. त्यामुळे दुकानात टांगलेल्या, एस-एम-एल मापांतल्या कुर्त्यावर ‘कुत्यूर’ लिहिलेलं असेल, तर ती निव्वळ जाहिरात समजावी. ‘प्रेत-आ-पोर्ते’, म्हणजे आपल्याकडच्या पाट्यांवरचं ‘प्रेट’, हे ठरावीक मापांतले तयार कपडे. डिझायनर कितीही नामांकित असला, तरी हा शब्द दर्जाची हमी देत नाही. कपडा उलटा करून अस्तर, टाके आणि शिवणीत सोडलेली माया पाहा, मगच पैसे मोजा.