एका अंशात वितळलेले स्फटिक

कच्चं अ‍ॅसिटॅनिलाइड १०८ अंशांवर ओलावू लागलं आणि ११२ला पूर्ण वितळलं. उकळत्या पाण्यातून पुन्हा स्फटिक पाडून नीट वाळवल्यावर तेच ११३.५ ते ११४.५ दरम्यान वितळलं. अहवालात हे दोन्ही आकडे लिहावेत: पहिला थेंब दिसला तो आणि शेवटचा कण विरघळला तो. भेसळीमुळे वितळणं लवकर सुरू होतं आणि लांबतं. राहिलेलं पाणीही हेच करतं. शेवटी तापमान मिनिटाला एकदोन अंशच वाढवावं, नाहीतर आकडा फसवतो.

मात्र काही मिश्रणंही ठरावीक प्रमाणात नेमक्या तापमानाला वितळतात. म्हणून खात्रीच्या अ‍ॅसिटॅनिलाइडमध्ये आपला नमुना मिसळून पाहावा; वितळणबिंदू घसरला, तर पदार्थ वेगळाच आहे.