डाग गेला, पण कण कुठे गेले?

लग्नाचा जुना फोटो दुरुस्तीला येतो तेव्हा बऱ्याचदा तो मधोमध दुमडलेला असतो. घडीच्या रेषेवरचा थर उडालेला असतो आणि खालचा पांढरा कागद उघडा पडलेला असतो. संगणकावर ती रेष पुसायला आता फार वेळ लागत नाही. फोटो मोबाइलवर पोहोचतो, घरातले सगळे खूश होतात. मग कोणीतरी तो भिंतीवर लावायला मोठा करून आणते, आणि नवरानवरीच्या मागच्या करड्या पडद्यावर एक गुळगुळीत पट्टा दिसू लागतो. रेष गेली खरी, पण ती कुठून कुठे गेली होती, हे कोणीही बोटाने दाखवू शकेल इतका तो पट्टा स्पष्ट असतो.

याचे कारण फोटोच्या घडणीत आहे. कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. हे कण एकमेकांना चिकटून, एकमेकांवर पडून त्यांचे पुंजके होतात आणि मोठ्या केलेल्या छपाईत तेच ‘ग्रेन’ म्हणून दिसतात. साधा सपाट वाटणारा पडदाही जवळून पाहिला तर करड्या ठिपक्यांनी भरलेला असतो. विशेष म्हणजे या कणांना फोकसशी काही देणेघेणे नसते. पडदा धूसर आला असला तरी त्यावरचे कण नवरीच्या नथीवरच्या कणांइतकेच ठसठशीत असतात. ‘मागचा भाग तसाही अंधूकच आहे’ म्हणून तिथे मऊ ब्रश फिरवणारा नेमका इथेच फसतो.

डार्करूमच्या काळातल्या कारागिरांना हे चांगले ठाऊक होते. छापलेल्या फोटोवर धुळीचा पांढरा ठिपका राहिला तर ते तिथे रंगाचा फराटा ओढत नसत. बारीक टोकाच्या, जवळजवळ कोरड्या ब्रशाने ठिपक्याशेजारी ठिपका देत ते ती जागा भरत, म्हणजे भरलेली जागाही कणांचीच दिसे.

संगणकावर कण हरवतात ते सरासरीमुळे. क्लोन स्टॅम्पचा मऊ कडांचा ब्रश कडेला जुने आणि नवे मिसळतो. दोन ठिकाणचे कण एकमेकांशी जुळणारे नसतात, त्यामुळे ते निम्मेनिम्मे मिसळले की एकाचा गडद ठिपका दुसऱ्याच्या फिकट ठिपक्यावर येतो आणि दोघांचाही जोर ओसरतो. गणित असे सांगते की अशा मिश्रणात कणांचा जोर मूळच्या सुमारे ७० टक्केच उरतो. त्याच जागेवर ब्रश पुन्हा फिरवला की तो आणखी घटतो. क्लोन करताना उचललेला तुकडा तिरका फिरवला किंवा लहानमोठा केला तरी शेजारच्या पिक्सेलांची सरासरी होते, आणि कण पुन्हा मऊ पडतात.

म्हणून पहिला उपाय असा, की कण मुळात घालवायचेच नाहीत. पडद्यासारख्या सपाट भागात ब्रशची कड बरीच टणक ठेवावी, अपारदर्शकता पूर्ण ठेवावी आणि नमुना त्याच छटेच्या शेजारच्या जागेतून घ्यावा. तो सतत बदलत राहावा, नाहीतर एकच ठळक पुंजका दोनतीनदा उमटतो आणि डोळा तो लगेच पकडतो. फोटोशॉपमधल्या Healing Brush ला मऊ कडेनेच वापरायचे असेल, तर त्याच्या Mode यादीतला Replace हा पर्याय कडेचे कण राखण्यासाठीच दिलेला आहे. त्याच साधनातला Diffusion हा आकडा कणदार फोटोसाठी कमी ठेवावा लागतो.

तरीही काही जागा गुळगुळीत होतातच. समजा, ३५ मिमी फिल्मवरून केलेला ६ बाय ८ इंची फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला आहे आणि त्यावरची घडी पडद्यावरून नवरीच्या खांद्यापर्यंत गेली आहे. पडदा क्लोनने भरला. खांद्यापाशी मात्र छटा सावलीकडून उजेडाकडे हळूहळू बदलते, तिथे उचलण्याजोगा तुकडाच नव्हता, म्हणून ती छटा ब्रशने रंगवून घेतली. आता या रंगवलेल्या भागात कण नव्याने पेरायचे आहेत.

त्यासाठी वर एक नवा लेअर घेतात, तो ५० टक्के करड्या रंगाने भरतात आणि त्याचा मोड Overlay ठेवतात. अजून फोटोत काहीच बदललेले दिसत नाही. मग Filter > Noise > Add Noise मध्ये Gaussian आणि Monochromatic निवडून त्या लेअरवर कण टाकतात. Overlay ची निवड सहज केलेली नाही. हा मोड मधल्या करड्या छटांवर सर्वांत जोरकस असतो, आणि गडद काळ्यात व लख्ख पांढऱ्यात त्याचा परिणाम आपोआप मावळतो. छापील फोटोतही कण साधारण असेच वागतात.

एवढ्यावर थांबले तर मात्र ठिगळ दुसऱ्या प्रकारे उघडे पडते. Add Noise चा प्रत्येक कण नेमका एका पिक्सेलचा आणि टोकदार असतो. स्कॅनमधला पुंजका दोनतीन पिक्सेलांवर पसरलेला, गोलसर कडांचा असतो. म्हणून त्या लेअरवर अर्धा ते एक पिक्सेलचा Gaussian Blur देतात. त्याने कण मोठे आणि मऊ होतात, पण फिकेही पडतात. त्यामुळे सुरुवातीला ते हवे त्यापेक्षा जास्त टाकावे लागतात. शेवटी काळा मास्क लावून फक्त रंगवलेल्या जागेपुरतेच कण उघडे करायचे. फोटो रंगीत असेल तर काम वाढते, कारण फिल्ममध्ये निळ्या चॅनेलचे कण बहुधा जास्त खरखरीत असतात. तिथे तिन्ही चॅनेल वेगवेगळे पाहून जुळवणेच बरे.

कणांचा जोर जुळला की नाही, हे नुसत्या अंदाजावर सोडायची गरज नाही. Histogram पॅनेल विस्तारित रूपात उघडले की Std Dev नावाचा आकडा दिसतो. भरलेल्या जागेतला छोटा चौकोन निवडून तो आकडा पाहायचा, मग शेजारचा त्याच छटेचा तेवढाच चौकोन निवडून पुन्हा पाहायचा. मूळ भागात ७ आणि ठिगळात ४ आले तर कण कमी पडलेत. पॅनेलवर इशाऱ्याचा त्रिकोण दिसत असेल तर आधी त्यावर क्लिक करावे, कारण तोपर्यंतचा आकडा फोटोच्या लहान केलेल्या प्रतीवरून काढलेला असतो आणि त्या प्रतीत कणांची सरासरी आधीच झालेली असते. चौकोनात छटा बदलत असेल तर मात्र हा आकडा फुगतो आणि भलतेच सांगतो. म्हणून खांद्यापाशी चौकोन अगदी लहान घ्यावा लागतो.

कणांचा आकार मात्र या आकड्यातून कळत नाही. बारीक कण आणि जाड कण दोघांचा Std Dev सारखा येऊ शकतो. तो निवाडा डोळ्यांनीच करायचा, तोही १०० किंवा २०० टक्क्यांवर. ६६.७ सारख्या मधल्या झूमवर पडदा स्वतःच पिक्सेल मिसळून दाखवतो, त्यामुळे खोटे समाधान होते. वर तात्पुरता Curves लेअर घालून त्याची रेषा खूप चढी केली, तर राहिलेले गुळगुळीत डबके धुक्यासारखे वेगळे उठून दिसते. तपासणी झाली की तो लेअर काढून टाकायचा.

शार्पनिंग या सगळ्यानंतर, आणि पूर्ण फोटोला एकदम. आधी शार्प करून मग कण पेरले तर मूळ कण धारदार आणि पेरलेले मऊ, असा फरक पुन्हा उभा राहतो. काम चालू असेपर्यंत फाइल टिफ किंवा पीएसडीमध्येच राहू द्यावी, कारण जास्त दाबलेल्या जेपेगमध्ये बारीक कण आधी मरतात आणि तेही सगळीकडे सारखे मरत नाहीत. ६ बाय ८ चा फोटो १८ बाय २४ इंच करायचा असेल तर प्रत्येक कणही तिप्पट होणार. तेव्हा खांदा आणि शेजारचा पडदा एवढाच तुकडा त्या अंतिम मापात, त्याच कागदावर आधी छापून घ्यावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावा. ठिगळ तिथे दिसले, तर कणांच्या लेअरची अपारदर्शकता थोडी कमीजास्त करणे अजून हातात असते.