एका वायरीने घरभर नेट ठप्प

माजरीतील आमच्या घरात खोल्या तीन, इंटरनेट एकच. राउटरची वायर पाच तोंडांच्या एका लहान डबीत येते आणि तिथून खोल्याखोल्यांत जाते. या डबीलाही स्विचच म्हणतात, पण विजेच्या बटणाशी तिचा संबंध नाही.

एका रविवारी झाडलोट करताना एका वायरीचे टोक जमिनीवर पडलेले दिसले. निघाले असेल, म्हणून घरच्यांनी ते डबीत खोचले. दुसरे टोक आधीच त्याच डबीत होते! मुलीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि संगणक अडकला. मोबाईलचे वायफायही थांबले.

झाले असे. संगणक अधूनमधून 'राउटर कुठे आहे?' अशी हाक सर्वांना मारतो. स्विच ती हाक बाकीच्या सर्व तोंडांतून पुढे धाडतो. वायरीची दोन्ही टोके त्याच्यातच असल्याने हाक परत येते, पुन्हा धाडली जाते. तिला थांबवणारे कुणीच नाही. अशा हाकांनीच वाट भरून जाते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधलेल्या पद्धतीने मोठे स्विच असा फेरा ओळखून एक वाट बंद ठेवतात. स्वस्त डबीत ती सोय सहसा नसते.

आम्ही राउटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. मग डबीकडे पाहिले. कुणी काही वापरत नसताना सगळे दिवे एकदमच झपाझप लुकलुकत होते. हीच खूण. एकेक वायर काढत गेलो. ती वायर निघताच दिवे शांत झाले आणि फॉर्म गेला.

आता प्रत्येक टोकाला खोलीच्या नावाची चिठ्ठी आहे. बिनकामाची वायर दोन्हीकडून काढूनच ठेवतो.