चूक कोणाची, हे पहिल्याच परिच्छेदात

जून २०१६ मध्ये ‘बफर’ या सॉफ्टवेअर कंपनीला दहा सहकाऱ्यांना कामावरून काढावं लागलं. संस्थापक जोएल गॅस्कॉइन याने त्यावर जाहीर लेख लिहिला. असे लेख सहसा ‘बाजारातील परिस्थिती’कडे बोट दाखवतात. जोएलने बाजाराला दोष दिला नाही; निर्णय आपलाच चुकला, असं लिहिलं.

पुढे त्याने हिशेब मांडला. साधारण वर्षभरात माणसं ३४ वरून ९४ झाली होती. उत्पन्न वाढत होतं, पण पगाराचा खर्च त्याहून वेगाने वाढला आणि बँकेतली शिल्लक आटू लागली. संस्थापकांनी स्वतःच्या पगारात ४० टक्के कपात केल्याचंही त्यात होतं. माझ्या मते लेखाचं खरं वजन या आकड्यांत आहे, कारण वाचणाऱ्याला कारण आणि परिणाम स्वतः जुळवून पाहता येतात.

तरुण उद्योजकाने असा लेख लिहिताना आधी क्रम सांभाळावा. ज्यांची नोकरी गेली त्यांना समोर बसून सांगावं, मग उरलेल्या टीमला, आणि शेवटी जगाला. जाणाऱ्यांची नावं लेखात नकोत. ‘आम्ही खूप शिकलो’ हे वाक्य खोडावं आणि त्या जागी बदललेला नियम लिहावा: उदाहरणार्थ, सहा महिन्यांचा खर्च शिल्लक नसेल तर नवी भरती नाही. लेख स्वतःच्या रात्रीच्या जागरणांवर रेंगाळू लागला, की तो सहानुभूती मागतोय हे वाचकाला लगेच कळतं.