नि. ४/६ आणि नि. २७ : एकाच कागदाची दोन नावं

नवी मुंबईसाठी जमिनी घेण्याची अधिसूचना ३ फेब्रुवारी १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या शेतकऱ्यांचे वाढीव मोबदल्याचे लँड रेफरन्स त्यातूनच उभे राहिले आणि त्यांची प्रथम अपिलं मुंबई उच्च न्यायालयात गेली. अशा अपिलाच्या पेपर बुकाची सूची करताना नवा माणूस हमखास अडखळतो तो निशाणीपाशी.

आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांत निशाणीची मालिका एकच असते. अर्ज, कैफियत, दस्तांची यादी, साक्षीदाराचं शपथपत्र, सगळ्यांना ओळीनं नंबर पडतो. त्यामुळे कागदावर नि. आहे म्हणजे तो पुरावा झाला, असं नव्हे.

उदाहरण घेऊ. अर्जदारानं नि. ४ च्या यादीनं सहा दस्त दाखल केले. सहावा दस्त म्हणजे शेजारच्या जमिनीच्या खरेदीखताची प्रमाणित प्रत. त्यावर कोपऱ्यात ४/६ असं लिहिलेलं असतं. हा फक्त यादीतला पत्ता. पुढे नि. १९ ला अर्जदाराचं सरतपासणीचं शपथपत्र आलं आणि त्या वेळी न्यायालयानं खरेदीखत वाचून नि. २७ दिली. सूचीत जाते ती नि. २७. पण ‘मूळ नि. ४/६’ असं शेजारी जरूर लिहावं, कारण उलटतपासणीत वकील बरेचदा जुन्याच नंबरानं प्रश्न विचारतात.

ही नोंद नक्की करायला तीन ठिकाणं पाहा : दस्तावरचा न्यायाधीशांच्या सहीचा शेरा, साक्षीतलं ते वाक्य आणि त्या तारखेचा रोजनामा. निकालपत्रावरून सूची कधीच करू नये. टंकलेखनात २७ चा २१ झालेला असतो, आणि नि. २१ उघडावी तर निघतो मुदतीचा अर्ज! शपथपत्रात वकिलानं आधीच टाकून ठेवलेले नंबरही धरू नयेत. ते अंदाजाचे असतात.

‘कोणी शाबित केला’ हा रकाना इथे कधी रिकामा राहील. विकणारा किंवा घेणारा साक्षीला आलेलाच नसतो. घाबरू नका. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ५१-अ खाली खरेदीखताची प्रमाणित प्रत साक्षीदाराशिवाय पुराव्यात घेता येते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ते मान्य केलं. तिचं वजन किती, हा प्रश्न वेगळा. रकान्यात ‘कलम ५१-अ’ लिहा.

त्याच रेकॉर्डमध्ये एका हातनकाशावर ‘आर्टिकल ए’ असा शेरा असू शकतो. म्हणजे नकाशा ओळखीपुरता दाखवला, शाबित झाला नाही. तो सूचीत आर्टिकल म्हणूनच, निशाण्यांच्या खाली वेगळा ठेवा. सोयीसाठी त्याला पुढची निशाणी देऊ नका. तो पुराव्यात आणायचा तर उच्च न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो करायचा की नाही हे वकील ठरवतील.